टाचेतला रक्ताचा थेंब, १७-ओएचपी आणि "मुलगा" म्हणून घरी गेलेली मुलगी

एक केस घेऊ. केस समजावण्यासाठी बनवलेली आहे, पण यातलं प्रत्येक वळण बाळांच्या डॉक्टरांना ओळखीचं वाटेल. पूर्ण दिवसांचं बाळ, वजन ३.१ किलो, जन्मल्या जन्मल्या मस्त रडलं. नर्सने बघितलं आणि सांगितलं मुलगा झाला. लिंग जरा छोटं होतं, लघवीची जागा टोकाला नव्हती, खाली बुडाशी होती, आणि वृषणाच्या पिशवीत हाताला काहीच लागत नव्हतं. कागदावर लिहिलं गेलं "दोन्ही वृषण खाली उतरलेले नाहीत, सहा महिन्यांनी दाखवा". तिसऱ्या दिवशी स्क्रीनिंगसाठी, म्हणजे लपलेला आजार आधीच शोधायला, टाचेला टोचून कार्डवर रक्त घेतलं आणि बाळ घरी गेलं.

सातव्या दिवशी लॅबमधून फोन आला, बाळाला आत्ताच्या आत्ता घेऊन या. घरचे चक्रावले, कारण बाळ तर ठीक होतं, फक्त दोन दिवस दूध जरा कमी पीत होतं आणि जास्त झोपत होतं. आणलं तेव्हा वजन २.८६ किलो. जन्मानंतर पहिले काही दिवस वजन उतरतंच, पण सातव्या दिवशी ते परत चढायला लागलेलं असायला हवं, हे अजून उतरतच होतं. रक्तात सोडियम घसरून १२८, पोटॅशियम चढून ६.६. सोनोग्राफी केली तर पोटात गर्भाशय. म्हणजे हा मुलगा नव्हताच, मुलगी होती, आणि तिच्या शरीरातून मीठ वाहून चाललं होतं.

आता हे सगळं एकाच जन्मजात आजारामुळे, कन्जेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेजिया म्हणजे सीएएचमुळे, कसं होतं ते बघू, आणि त्या कार्डवरच्या थेंबात नेमकं काय सापडलं तेही.

किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते, अ‍ॅड्रिनल. ती कोलेस्टेरॉल घेते आणि त्यावर एकेक बदल करत तीन प्रकारचे हार्मोन बनवते. एक कॉर्टिसॉल, जो साखर आणि ब्लडप्रेशर धरून ठेवतो आणि आजारपणात शरीराला तग धरायला लावतो. दुसरा अल्डोस्टेरॉन, जो किडनीला सांगतो की सोडियम सोडू नको, पोटॅशियम बाहेर टाक. तिसरे अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी हार्मोनच्या गटातले. डोळ्यासमोर शेतातले तीन पाट आणा, पाणी एकाच विहिरीचं. यातल्या पहिल्या दोन पाटांवर वाटेत एकाच प्रकारचं दार आहे, त्याचं नाव २१-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम. तिसऱ्या पाटावर हे दार नाहीच. या आजारात हे दार जन्मापासून बंद असतं किंवा जेमतेम किलकिलं असतं.

नावातच सगळी गोम आहे बघा. स्टेरॉइडच्या सांगाड्यातल्या कार्बनना नंबर दिलेले असतात. १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, ज्याला सगळे १७-ओएचपी म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच की सतरा नंबरच्या कार्बनवरचं काम झालंय. पुढचं काम एकवीस नंबरवर व्हायचं, ते झालं की कॉर्टिसॉल एका पायरीवर येतो. एकवीस नंबरचा कारागीरच कामावर नाही, त्यामुळे सतरापर्यंत तयार झालेला अर्धवट माल दारापाशी साचत जातो. स्क्रीनिंगमध्ये कॉर्टिसॉल कमी आहे का हे शोधत नाहीत, कारण नवजात बाळात कॉर्टिसॉल तसाही वरखाली होत असतो आणि एका थेंबावरून काही ठरवता येत नाही. दारापाशी साचलेला ढीग मोजणं त्यापेक्षा कितीतरी सोपं, कारण आजार असेल तर तो ढीग थोडाथोडका वाढत नाही, कित्येक पटीने वाढतो.

आणि ढीग एवढा का होतो त्याला मेंदू जबाबदार आहे. मेंदूच्या खाली असलेली पिट्युटरी ग्रंथी सतत रक्तातला कॉर्टिसॉल बघत असते, कमी वाटला की एसीटीएच नावाचा हार्मोन सोडून अ‍ॅड्रिनलला हुकूम देते, अजून बनव. तिला फक्त कॉर्टिसॉल दिसतो, मधे दार बंद आहे हे तिला कळायचा मार्गच नाही, म्हणून ती हुकूम सोडतच राहते, ग्रंथी फुगून मोठी होते, विहिरीतून पाणी उपसलं जातंच, आणि दोन पाट बंद म्हटल्यावर ते सगळं तिसऱ्या पाटात जातं. अँड्रोजेनचा पूर. एसीटीएचचा अजून एक उद्योग म्हणजे तो कातडीचा रंग गडद करतो, म्हणून अशा काही बाळांमध्ये जननेंद्रियं आणि स्तनाग्रं जरा जास्त काळपट दिसतात. पण ही खूण इतकी सहज निसटते की तिच्यावर विसंबू नये.

आता मुलींचं काय होतं ते. गर्भ साधारण सात आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा असो की मुलगी, बाहेरचा भाग अगदी सारखाच असतो. मधे एक छोटा उंचवटा, त्याच्या खाली दोन आतल्या घड्या, त्यांच्या बाहेर दोन फुगवटे. अँड्रोजेन मिळालं तर उंचवटा वाढून लिंग होतं, आतल्या घड्या एकमेकींना चिकटून लघवीची नळी होते आणि बाहेरचे फुगवटे मधे जोडले जाऊन वृषणाची पिशवी होते. नाही मिळालं तर तोच उंचवटा क्लिटोरिस होतो आणि घड्या व फुगवटे उघडेच राहून योनीच्या बाजूचे ओठ होतात. मूळ माती तीच. त्या पेशींना एवढंच कळतं की अँड्रोजेन आलं, ते वृषणातून आलं की अ‍ॅड्रिनलमधून हे त्या विचारत नाहीत. आणि गर्भाची अ‍ॅड्रिनल कामाला लागते ती नेमकी याच आठवड्यांत. त्यामुळे ज्या मुलीच्या दाराला टाळं आहे तिच्या त्या भागाला चुकीच्या वेळी, चुकीच्या ठिकाणाहून भरपूर अँड्रोजेन मिळतं. क्लिटोरिस मोठं होतं, घड्या कमीजास्त चिकटतात, योनी आणि लघवीचा मार्ग आतमध्ये एकत्र येऊन बाहेर एकच भोक दिसतं.

वेळेचा हिशोब इथे फार महत्त्वाचा. घड्या चिकटायच्या असतील तर ते साधारण बाराव्या आठवड्याच्या आत. त्यानंतर कितीही अँड्रोजेन आलं तरी उघडं राहिलेलं बंद होत नाही, फक्त क्लिटोरिस वाढू शकतं. म्हणून प्रत्येक मुलीत दिसणारं चित्र वेगळं असतं. डॉक्टर ते प्राडर स्केलवर मांडतात, १ म्हणजे फक्त क्लिटोरिस थोडं मोठं, ५ म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला मुलगाच वाटेल, फक्त पिशवी रिकामी. आपल्या केसमधलं बाळ ४ वर होतं.

पण मग आत गर्भाशय कसं काय? हा प्रश्न आईवडील हमखास विचारतात. गर्भाशय आणि नळ्या ठेवायच्या की नाही याचा निर्णय अँड्रोजेन घेतच नाही. तो घेतो वृषणातून येणारा एक वेगळा हार्मोन, एएमएच. या मुलींच्या पेशीत दोन एक्स आहेत, वृषण बनलेलंच नाही, त्यामुळे एएमएच नाही, त्यामुळे गर्भाशय, नळ्या, अंडाशय सगळं जिथल्या तिथे. म्हणूनच पिशवीत हाताला काही लागत नाही, कारण "न उतरलेलं" वृषण असा प्रकारच नाहीये, उतरायला तिथे कोणी नाहीच. पूर्ण दिवसांच्या बाळात दोन्ही बाजूंना काहीच लागत नसेल आणि वर लघवीची जागाही खाली असेल तर सहा महिने थांबायचं नसतं, त्याच दिवशी १७-ओएचपी, सोडियम-पोटॅशियम, सोनोग्राफी आणि क्रोमोसोमची तपासणी. माझं स्पष्ट मत असं की अशा वेळी लेबररूममध्ये "मुलगा" किंवा "मुलगी" हा शब्द उच्चारूच नये, "बाळ छान आहे, एक तपासणी करून सांगतो" एवढं बास. एकदा बोललेला शब्द मागे घेताना घरच्यांची जी अवस्था होते ती बघवत नाही.

आईला अपराधी वाटतं, गरोदरपणात आपण काहीतरी खाल्लं का, कुठलं औषध घेतलं का. तर नाही. या एन्झाइमचं जीन सहाव्या क्रोमोसोमवर आहे, सीवायपी२१ए२ त्याचं नाव, आणि त्याच्या शेजारीच त्याच्यासारखं दिसणारं पण निकामी झालेलं एक जुळं जीन बसलेलं आहे, बरेचसे बिघाड या दोघांच्या सरमिसळीतून येतात. आई आणि वडील दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असते, स्वतःला काहीच त्रास नसतो, आणि प्रत्येक वेळी चारातली एक शक्यता असते की बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील. जगभराचा ढोबळ अंदाज धरला तर साधारण पंधरा हजार बाळांत एक, काही समाजांमध्ये याहून बरंच जास्त, उदाहरणार्थ अलास्कातले युपिक लोक. थेंबभर वाळलेल्या रक्तावर १७-ओएचपी मोजायची पद्धत १९७७ मध्ये आली आणि सुरुवातीची चाचपणी अलास्कातच झाली, ती याच कारणाने.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी स्क्रीनिंग आहे. ज्यांच्यात दार जवळपास पूर्ण बंद असतं, आणि असे चारातले तीन असतात, त्यांच्यात अल्डोस्टेरॉनही बनत नाही. पोटात असेपर्यंत मिठाचा हिशोब वार सांभाळते, म्हणून बाळ जन्मतं तेव्हा अगदी टवटवीत. नाळ कापली की किडनी एकटी पडते, सोडियम लघवीतून जात राहतं, पोटॅशियम साठत राहतं, आणि साधारण पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात एक दिवस बाळ दूध घेत नाही, उलट्या, सुस्ती, वजन खाली, मग शॉक, आणि चढलेल्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडून बाळ जाऊही शकतं. मुलींमध्ये निदान बाहेरचा वेगळेपणा बघून कोणीतरी थबकतं. मुलग्यांमध्ये बाहेरून काहीच नसतं! त्यांना अँड्रोजेन तसंही वृषणातून मिळतच होतं, वरून थोडं जास्त आलं तर कोणाच्या लक्षात येणार. म्हणजे ज्याच्या शरीरावर खूण नाही तोच मुलगा सगळ्यात धोक्यात, आणि त्याच्या बरोबरीने ती मुलगी जिच्यावर खूण इतकी जास्त आहे की ती मुलगा समजली गेली. या दोघांसाठी ते कार्ड आहे.

कार्डची गोष्ट साधी वाटते पण बरीच गडबड तिथेच होते. जाडसर फिल्टर पेपर, त्यावर छापलेली गोल वर्तुळं. टाचेच्या कडेला टोचायचं, मधोमध नाही, पहिला थेंब पुसायचा, दुसरा मोठा थेंब नुसता कागदाला टेकवायचा आणि तो एका दमात मागच्या बाजूला झिरपला पाहिजे. थेंब छोटा पडला म्हणून त्याच वर्तुळावर वरून अजून एक टाकला की तिथे रक्ताचा थर जाड होतो. लॅबमध्ये त्या डागातून तीनेक मिलिमीटरची टिकली पाडतात आणि एवढ्या टिकलीत अमुक इतकं रक्त असणार असं धरून आकडा काढतात, थर जाड असला की आकडा उगाच मोठा येतो. मग आडवं ठेवून तीनचार तास सावलीत वाळवायचं, ओलं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचं नाही. कार्डवर वजन, किती आठवड्यांचं बाळ आणि टोचल्याची वेळ लिहायची, आणि ही माहिती शोभेला नसते हं.

कारण जन्माच्या वेळी प्रत्येक बाळाच्या रक्तात १७-ओएचपी जास्तच असतो, तो पहिल्या दिवसभरात झपाट्याने उतरतो. चोवीस तासांच्या आत टोचलं तर निरोगी बाळही आजारी दिसेल. साधारण दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात बरा. त्याहून उशीर केला तर रिपोर्ट येईपर्यंत मीठ गेलेलं असतं.

आणि वजन का, तर दिवस भरायच्या आधी झालेल्या बाळांमुळे. त्यांची अ‍ॅड्रिनल अजून कच्ची असते, गर्भातला एक वेगळाच भाग तिच्यात अजून जोरात चालू असतो, त्यातून निघणारे काही पदार्थ टेस्टच्या अँटिबॉडीला १७-ओएचपीसारखेच वाटतात आणि ती त्यांनाही धरून बसते. वर बाळ श्वासासाठी झगडत असेल तर त्या ताणानेही खरा आकडा चढतो. म्हणून १.२ किलोच्या बाळाला ३ किलोच्या बाळाची मर्यादा लावली तर अर्धा एनआयसीयू पॉझिटिव्ह निघेल. लॅब वजनाप्रमाणे किंवा आठवड्यांप्रमाणे वेगवेगळ्या मर्यादा ठेवतात, तरीही पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी बहुतेक बाळं शेवटी निरोगीच निघतात. हे वाक्य फोन करणाऱ्याने आईवडिलांना सांगायलाच हवं, आणि त्याच दमात हेही की तरी आजच या.

हा गोंधळ कमी करायला काही ठिकाणी त्याच कार्डवर दुसरी टेस्ट लावतात, मास स्पेक्ट्रोमेट्रीची. ती रेणूचं वजन बघून ओळखते त्यामुळे दिसायला सारख्या पदार्थांना फसत नाही. शिवाय ती कॉर्टिसॉलही मोजते. नुसत्या ताणातल्या बाळात १७-ओएचपी चढतो पण कॉर्टिसॉलही चढलेला असतो, खऱ्या आजारात एक चढलेला आणि दुसरा पडलेला. २१-डीऑक्सिकॉर्टिसॉल नावाचा अजून एक पदार्थ आहे, दार बंद असेल तरच तो भरपूर बनतो, तो सापडला तर फारशी शंका उरत नाही.

उलट बाजूनेही चूक होते. बाळाची फुफ्फुसं पिकावीत म्हणून आईला बाळंतपणाआधी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली असतील तर ती वारेतून बाळापर्यंत जातात, एसीटीएच दाबला जातो आणि १७-ओएचपी खोटाच कमी दिसू शकतो, म्हणून लवकर झालेल्या बाळांचं कार्ड पुन्हा एकदा घ्यायची पद्धत आहे. आणि दार बऱ्यापैकी उघडं असलेला सौम्य प्रकार, जो पुढे लवकर आलेले केस, पाळीची गडबड असा दिसतो, तो या स्क्रीनिंगमध्ये बहुतेक वेळा सुटतो. त्यासाठी ते बनवलेलंच नाही.

परत आपल्या बाळाकडे. कार्डवर १७-ओएचपी आला होता ९५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, त्या लॅबची त्या वजनाची मर्यादा १०. एवढा फरक असला की पुन्हा कार्ड पाठवा म्हणत बसत नाहीत, बाळालाच बोलावतात. पहिलं काम शिरेतून रक्त. टाच पिळून घेतलेल्या रक्तात पेशी फुटतात आणि त्यातलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटा चढतो, नेमका या आजारात असा खोटेपणा परवडत नाही. त्याच रक्तातून १७-ओएचपीही पाठवला, औषध देण्याआधी, कारण स्टेरॉइड दिल्यावर तो उतरायला लागतो आणि निदान धूसर होतं. पण रिपोर्टची वाट बघत थांबले नाहीत. सलाइन आणि ग्लुकोज चालू, हायड्रोकॉर्टिसोन २५ मिलिग्रॅम शिरेतून. एवढ्या डोसला हायड्रोकॉर्टिसोन अल्डोस्टेरॉनचं कामही बरंचसं करतो, म्हणून पोटॅशियम खाली यायला लागलं. एक लक्षात ठेवायचं, हेच बाळ चौथ्या दिवशी आलं असतं तर सोडियम-पोटॅशियम कदाचित नॉर्मल आलं असतं आणि कोणीतरी "काही नाही" म्हणून परत पाठवलं असतं. १७-ओएचपी इतका जास्त असताना एकदा नॉर्मल आलेलं सोडियम म्हणजे सुटका नाही, ते दर एकदोन दिवसांनी बघत राहायचं.

नंतर शिरेतल्या रक्ताचा रिपोर्ट आला, १६०, आणि क्रोमोसोम ४६, एक्सएक्स. मुलगी. तिला रोजचे तीन औषधी आधार लागले. हायड्रोकॉर्टिसोन, शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने, तिच्या आकाराला दिवसाला ३ मिलिग्रॅम, तीन वेळा एकेक. गोळी कुटून, थोड्या पाण्यात, दर वेळी ताजी. डेक्सामेथासोनसारखं जोरदार स्टेरॉइड वाढत्या बाळाला देत नाहीत, उंची खुंटते. दुसरं फ्लुड्रोकॉर्टिसोन ०.१ मिलिग्रॅम, जे अल्डोस्टेरॉनची जागा घेतं. आणि तिसरं चक्क मीठ, दिवसाला एखादा ग्रॅम, दुधाच्या वेळांमध्ये वाटून, कारण दुधातलं मीठ अशा बाळाला पुरत नाही.

जननेंद्रियांच्या ऑपरेशनचा विषय घरच्यांनी लगेच काढला. त्यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही, लहानपणीच करावं की ती मोठी होऊन स्वतः ठरवेल तोपर्यंत थांबावं. पण ते त्या आठवड्यात ठरवायची काही घाई नव्हती आणि त्यांना तेच सांगितलं गेलं. जन्माच्या नोंदीत दुरुस्ती मात्र लगेच झाली.

सोळाव्या दिवशी सोडियम १३८, पोटॅशियम ५.२, वजन ३.२५. घरी जाताना आईने विचारलं, हिला ताप आला तर? ताप आला की निरोगी शरीर स्वतःहून जास्त कॉर्टिसॉल बनवतं, हिचं बनवणार नाही, म्हणून तेवढे दिवस हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट-तिप्पट. उलटी होऊन औषध पोटात टिकत नसेल तर वाट बघायची नाही, मांडीत इंजेक्शन आणि सरळ हॉस्पिटल. ते इंजेक्शन कसं द्यायचं ते आईने आणि आजीने दोघींनी वॉर्डातच दोनदोनदा करून बघितलं, आजीचा हात आईपेक्षा स्थिर होता.